नोव्हेंबरात बोल गं बाई!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आमच्याकडची एक ज्युनियर, तीन वर्षं झाली तिला, दुपारी कँटीनमध्ये समोर येऊन बसली आणि डब्याचं झाकणसुद्धा उघडेना. पगारवाढीचं लेटर आलं होतं, सात टक्के. वर्षभर दोघांचं काम एकटीने ओढलंय तिने. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "अगं, आधी का नाही बोललीस?"

हे वाक्य मी 2019 च्या एप्रिलमध्ये शब्दशः ऐकलंय. रिव्ह्यू मीटिंग होती, मी अख्खी रविवारची दुपार घालवून मुद्दे काढून नेले होते. सर कॉफी आणायला उठले, लॅपटॉप अर्धवट माझ्याकडे वळलेला, त्यावर एक्सेल उघडं. माझ्या नावासमोर पिवळा सेल आणि त्यात 9. माझं तोंड उघडायच्या आधीच! मग अर्धा तास मी बोलत होते आणि ते मान डोलावत होते, आणि मला तो पिवळा सेलच दिसत होता.

नंतर कधीतरी सरांनीच गणित समजावलं. टीम सहा जणांची, सगळ्यांचे वर्षाचे पगार मिळून साठ लाख. वरून नऊ टक्के आले म्हणजे वाटायला 5 लाख 40 हजार, संपलं. माझे तेव्हा आठ लाख होते, म्हणजे नऊ टक्क्यांनी 72 हजार. मला पंधरा टक्के हवे असतील तर 1 लाख 20 हजार लागतात, वरचे 48 हजार उरलेल्या पाच जणांच्या ताटातून काढायचे, म्हणजे ते सगळे आठ टक्क्यांवर. एप्रिलमध्ये कुठला मॅनेजर हे करेल? आणि प्रमोशनचे पैसे ह्या डब्यातून येतच नाहीत, त्यांचं बजेट वेगळं, आणि त्यासाठी नावं आमच्याकडे जानेवारीतच वर जातात. म्हणजे मार्चमध्ये आपण सेल्फ अप्रेझलचा फॉर्म जीव तोडून भरतो तेव्हा पंगत उठलेली असते.

संताप ह्याचा येतो की हे कोणी सांगत नाही. आणि आपल्याला तर घरातूनच शिकवलेलं, काम करत राहा, बघणारा बघतो. कोण बघतो? त्या पिवळ्या सेलमध्ये माझं काम कुठे होतं?

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी सरांकडे वीस मिनिटं मागितली. चहाच्या टपरीवर नाही, तिथे दुसरा कोणीतरी हमखास येऊन उभा राहतो. सुरुवात मात्र घाण केली, होम लोनचा हप्ता, सासऱ्यांचं ऑपरेशन, आणि सरांचा चेहरा एकदम "बिचारी!" असा झाला. मग सावरले आणि म्हटलं, "सर, मे पासून क्लायंटचा वीकली कॉल मी एकटी घेते, दोन फ्रेशर्स माझ्याकडे आहेत, हे सीनियरचं काम आहे. जानेवारीत माझं नाव जावं असं मला वाटतं. त्यासाठी तुम्हाला माझ्याकडून काय लागेल?" आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड जातं हो, जीभ वळवळते, "नाही जमलं तरी चालेल" म्हणायला.

सर म्हणाले, "बघू." आता "बघू" दोन प्रकारचं असतं. दोन आठवड्यांत मॅनेजर काहीतरी मागायला आला, "ते क्लायंटचं कौतुकाचं मेल फॉरवर्ड कर गं", तर गाडी हललीय, कारण बाकीच्या मॅनेजरांसमोर बसून तुमच्या नावासाठी भांडायला त्याला दारूगोळा लागतो. काहीच मागितलं नाही तर तो गोड नकार समजायचा. माझ्याकडे मेल मागितलं. मी त्याच संध्याकाळी पाच ओळींत बोलणंही लिहून पाठवलं, कारण मॅनेजर बदलतात आणि तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातात.

हो, मान्य, काही मॅनेजर खुनशी असतात, विचारलं की "हिला घाई झालीय" म्हणून डूख धरतात. आणि पैसेच नसतील तर कितीही लवकर बोला, नाही म्हणजे नाही. पण मग ते नोव्हेंबरात तरी कळतं, दुसरीकडे बघायला वेळ मिळतो.

मला 2020 मध्ये काय मिळालं विचारू नका, त्या एप्रिलमध्ये कोणालाच काही मिळालं नाही. पण नाव यादीत होतं, आणि यादी पुन्हा उघडली तेव्हा सरांना ते नव्याने मांडावं लागलं नाही. त्या सरांवरचा राग आता गेलाय खरं तर. त्यांनी ते एक्सेल झाकलं असतं तर मी अजून फॉर्मच भरत बसले असते.

असो. पोरीने शेवटी डबा उघडला, गवारीची भाजी होती, अर्धी मला दिली. तिच्या फोनमध्ये मी रिमाइंडर टाकून दिलाय, नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, सकाळी अकरा. सोमवारी नको, सोमवारी तिच्या मॅनेजरचा उपास असतो.