इंजेक्शनचा डोस दुप्पट करून हा न्यूमोनिया का हटत नाही

«न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसात जंतू. सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन कुठलाही जंतू मारतं. तीन दिवसांत ताप नाही उतरला तर डोस दुप्पट करून घ्या. टाकीच्या पाण्याने न्यूमोनिया होतो ही फुकटची भीती आहे, आम्ही पाणी उकळूनच पितो!»

सोलापुरात हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यातला एक तर माझाच पेशंट.

आधी डोसाबद्दल. जुळे सोलापुरातले एक काका, वय ६१, मधुमेह आणि जुनी बिडीची सवय. दोन महिने मुलाकडे पुण्याला राहून गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी परतले. सहाव्या दिवशी १०४ ताप, मग जुलाब, कोरडा खोकला. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, हे मधूनच मला सासूबाईंच्या नावाने हाक मारतात." एक्स-रेत उजवीकडे खाली पॅच होता. दुसऱ्या एका ठिकाणी तीन दिवस सेफ्ट्रियाक्सोन झालं होतं, तरी ताप जागचा हलला नव्हता आणि पॅच वाढला होता. एवढ्या तापात नाडी वेगात हवी, ती मात्र ९०; रक्तातलं सोडियमही बरंच कमी, १२४. थुंकीच्या स्लाइडवर पू-पेशी भरपूर, जंतू एकही दिसेना. यातली कुठलीही एक गोष्ट पुरावा होत नाही, पण सगळ्या एकत्र आल्या की लिजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जंतूची शंका घ्यावीच लागते. लघवीत या जंतूचा अंश शोधणारी अँटिजेन तपासणी पॉझिटिव्ह आली.

सेफ्ट्रियाक्सोन आणि अमॉक्सिसिलिन ही बीटा-लॅक्टम गटातली औषधं. जंतू स्वतःची भिंत बांधत असतो, त्या बांधकामात ती खोडा घालतात. त्यासाठी औषध जंतूपर्यंत पोचायला तर हवं! फुफ्फुसातल्या भक्षक पेशी आलेला जंतू गिळतात आणि पाचक रसाच्या पिशवीत नेऊन जिरवतात. लिजिओनेला गिळला जातो, पण आतूनच पेशीत स्वतःची प्रथिनं टोचतो, त्यामुळे त्याची पिशवी त्या पाचक पिशवीला जोडलीच जात नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्यातच तो वाढतो. ही कला तो पाण्यातल्या अमिबाच्या पोटात शिकलाय. बीटा-लॅक्टम औषधं पेशींच्या आत फारशी साठत नाहीत. रक्तात कितीही वाढवा, पेशीच्या आत पुरेसं औषध जमत नाही. वर बरेच लिजिओनेला बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतात, ते यातली काही औषधं तोडतं. म्हणूनच प्रयोगशाळेच्या ताटलीत जंतू मारणारं औषधही पेशंटमध्ये फसतं.

अॅझिथ्रोमायसिन उलट पेशीच्या आत साठतं आणि जंतूचं प्रथिन बनवणं थांबवतं. लिव्होफ्लॉक्सासिनही आत पोचून त्याच्या डीएनएच्या कामात अडथळा आणतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात निवृत्त सैनिकांच्या अधिवेशनानंतर या न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा जंतू कुणालाच ठाऊक नव्हता. तो सापडल्याचं जाहीर झालं जानेवारी १९७७ मध्ये. तरी एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालेल्यांत मृत्यू कमी झाल्याचं नंतर दिसलं. काकांना लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

म्हणून घरातली लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टी काढून बसू नका. ते औषध क्षयावरही अर्धवट चालतं, त्यामुळे टीबी असेल तर तो काही दिवस झाकला जातो. आम्ही थुंकीची टीबी तपासणी आधी पाठवली होती. शिवाय सेफ्ट्रियाक्सोन निकामी नाही. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस, त्यावर ते चांगलं चालतं. म्हणूनच गंभीर पेशंटला पहिल्या दिवसापासून दोन्ही गटांची औषधं जोडीने देतात. आणि अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण ती मुख्यतः या जंतूच्या एकाच सेरोग्रुपला, म्हणजे एकाच उपप्रकाराला पकडते.

उकळलेल्या पाण्याचं उत्तर थोडक्यात आहे. हा जंतू मुख्यतः श्वासातून येतो, शॉवर, कूलिंग टॉवर, कारंजं यांच्या बारीक तुषारांतून. प्यायचं पाणी उकळलं तरी आंघोळीचं तसंच राहतं. साधारण २५ ते ४५ अंश त्याला मानवतात, साठ अंशांना तो टिकत नाही. आपल्याकडे पाणी दिवसाआड नाही, कित्येकदा चार-पाच दिवसांनी येतं. टाक्या भरून ठेवणं सोलापूरकराला सुटत नाही. भीती साठवण्याची कमी, पाणी न हलवता कोमट राहण्याची जास्त.

काकांच्या घरी दोन महिने टाकी भरलेली, गिझर बंद, पाइपात पाणी तसंच. आल्यावर गिझर वीजबिलासाठी चाळिसावर. त्या पाण्याची तपासणी झाली नाही, त्यामुळे तिथूनच आलं हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण शॉवरचं तोंड उघडलं तेव्हा आत तपकिरी, बुळबुळीत थर होता. आता काकू बंद घर उघडताना आधी खिडकी उघडतात, शॉवरचं तोंड काढून बादलीत पाइप सोडतात म्हणजे तुषार उडत नाहीत, आणि गिझर साठवर ठेवून गरम पाणी वाहू देतात. आंघोळीला मात्र त्यात थंड पाणी मिसळतात, नाहीतर पोळायचं.