घुगऱ्या अजून भिजतायत

मुलगी सोमवारी पहाटे तीन चाळीसला झाली. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर टक्क जागा होतो. बारशाची पत्रिका छापायला गेलो आणि ती रविवारी झाली.

पत्रिका दुहेरी होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी कॅलिफोर्नियातल्या ताईच्या मुलांसाठी, मराठी बाकी सगळ्यांसाठी. संगणकावरच्या मुलानं माझा मोबाइलवरचा मजकूर घेतला तर त्याच्या जुन्या फॉन्टात नुसते चौकोन उमटले. मग तो एकेक अक्षर टाइप करत बसला. ‘नाव टाका ना साहेब, इंग्रजीत नुसतं बेबी गर्ल बरं नाही दिसत.’ नाव आत्या पाळण्यापाशी बाळाच्या कानात सांगणार, मग सगळ्यांना कळणार, ते आधीच छापलं तर बारसं कशाला, हे त्याला समजावत होतो, तेवढ्यात शेजारचे काका पडद्यावर वाकले. वर्षश्राद्धाची कार्डं न्यायला आले होते.

‘सूर्योदयाआधी जन्म ना? मग वार रविवार.’

‘काका, रात्री बाराला वार बदलतो.’

‘तो साहेबाचा. आपला सूर्योदयाला बदलतो.’

‘दाखल्यावर सोमवारची तारीख आहे!’

‘दाखला नगरपालिकेचा. पत्रिका कुणाची?’ त्यांनी बोटांवर मोजलं. ‘जन्माचा दिवस पहिला धरायचा. बारावा येतो गुरुवारी. तुम्ही लिहिलाय शुक्रवार. म्हणजे तेरावा! बारशाच्या पत्रिकेत तेरावा!’ एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या गठ्ठ्याकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळं झालं. कित्येक घरांत बारसं तेराव्या दिवशी करतात, हे मला रिक्षात बसल्यावर आठवलं. अशी उत्तरं रिक्षातच का आठवतात?

आधार म्हणून ताईला फोन लावला. ‘अरे, तुझा मेसेज आला तेव्हा आमच्याकडे रविवारची दुपारच होती.’ फोन स्पीकरवर होता. काका म्हणाले, ‘बघा, अमेरिकेला कळतं.’

मी दमलो होतो. काही दिवसांचं बाळ, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सासूबाईंची पथ्यं, त्यात हा पंचांगाचा तास. ‘शुक्रवारच ठेवा’ असं बजावून निघालो. मुलानं इंग्रजी बाजूला शुक्रवार ठेवला. मराठी बाजूला काकांचं ऐकलं. दोन्ही बाजू तपासून घ्याव्यात, हे त्याला सुचू नये? आणि चारशे रुपये जास्तीचे, ‘दोन भाषा म्हणून’!

गुरुवारी संध्याकाळी दारात अकरा ज्येष्ठ नातेवाईक उभे. पाळणा सजलेला नाही, ताईचा व्हिडिओ कॉल दुसऱ्या दिवशी, हरभरे नुकते पाण्यात पडलेले. सगळ्यांना चहा आणि खारी दिली. मामी म्हणाल्या, ‘असू दे, आम्ही उद्या परत येतो,’ पण आवाजात येणं नव्हतं. बाळाच्या हातात पाकिटं ठेवून गेल्या. खाली छापलं होतं, आहेर आणू नये. तेवढी एक ओळ कुणी वाचली नाही.

बारावे पाहुणे उशिरा आले. छापखान्यातले काका. नमुना म्हणून ठेवलेली पत्रिका त्यांनी खिशात घातली होती. स्वयंपाकघरात डोकावून पातेल्यातले हरभरे पाहिले आणि म्हणाले, ‘अजून शिजवल्या नाहीत घुगऱ्या?’