एक रिपोर्ट, आठ माणसं आन् थंड झालेली भाकर

साडेसात वाजले की आमच्या परभणीच्या घरात चूल बंद आन् टीव्ही चालू. काल पण तेच. भाकर टोपल्यात थंड व्हायली, पिठलं घट्ट व्हायलं आन् माय म्हणायली थांब रे, आज सिरीयलमधल्या बापाला कळणारे पोरगं कोणाचंय ते. अगं माय, दिवाळीपासून कळायलंय ते!

मला आधी वाटायचं लिहिणाऱ्याला काही सुचत नसंल. तसं नाही, हिशोबच तसा आहे. सिरीयल सुरू होते तेव्हा शेवट ठरलेलाच नसतो, टीआरपी हाय तोवर ओढायची, आठवड्याला सहा एपिसोड, जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटांचा एकेक. रोज नवीन गोष्ट कुठून आणायची? मग डीएनए रिपोर्ट आणतेत. आपल्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकतेत आन् घरातल्या आठ जणांपासून लपवतेत. आधी नणंदेला कळतं, मग काकूला, मग नोकराला. एकाला कळायला एक आठवडा धरा, आठ जणात दोन महिने निघाले, अठ्ठेचाळीस एपिसोड, तेच घर, तोच सोफा, नवीन खर्च शून्य. बापाला सगळ्यात शेवटी कळतं कारण त्याला कळलं की दुकान बंद.

आन् कळून गेलंच तर? मग डोक्याला मार. नवऱ्याची स्मृती गेली की झालेलं लग्न, भांडण, माफी सगळं पुसलं आन् तीच लव्हस्टोरी परत पहिल्यापासून. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहीर आठवतो का, मारून टाकला, लोक चिडले, मग स्मृती गेलेला परत आणला. तेव्हापासून आमच्या मायला सवयच लागली, कोणी मेलं की म्हणते बॉडी दाखवली का?

स्मृती जाणं काय असतं ते मी बघितलंय. चुलतभाऊ जिंतूर रोडला गाडीवरून पडला. कुठं चालला होता, कसा पडला, काही आठवत नव्हतं, अजून बी नाही. रात्रभर "मी इथं कसा?" एवढंच वीस-पंचवीस वेळा विचारलं, सांगितलं की दोन मिनिटात परत तेच. पण काकूला बरोबर "माय" म्हणून हाक मारली. हिकडं हिरो फक्त बायकोला विसरतो, कंपनीचा पासवर्ड मात्र पाठ! आन् परत डोकं आपटलं की सगळं आठवतं, आमच्या भावाला दुसऱ्यांदा आपटलं असतं तर थेट संभाजीनगरला न्यावं लागलं असतं.

काल शेवटी हिरोईननं तोंड उघडलं, "हे बाळ..." आन् लाईट गेली. मी म्हणलं झालं कल्याण, आता माय शेजारी विचारायला जाणार. तर आजी अंधारातूनच म्हणली, "नाही सांगत ती अजून. तू वाढून घे."