चिकन बंद केलं, तरी खाज का थांबत नाही?

फिरत असलेला मजकूर असा आहे:

"कुत्रा बारा महिने खाजवतोय? म्हणजे चिकनची अ‍ॅलर्जी. चिकन बंद करा, ग्रेन-फ्री खाद्य सुरू करा. आठवड्याभरात फरक पडला नाही तर अन्नाचा संबंध नाही. आणि वर्षानुवर्षं जे खातोय त्याची अ‍ॅलर्जी होतच नसते. खात्री हवी असेल तर रक्ताची किंवा केसांची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घ्या, पूर्ण यादी मिळते."

आधी खाजेबद्दल. बारमाही खाज दिसली की अन्नाचा संशय घ्यावा, हे बरोबर आहे. पण संशयापुढे या मजकुराचं गाडं लगेच रुळावरून घसरतं. आपल्याकडे गोठवणारी थंडी नसल्यामुळे पिसवा वर्षभर जगतात. मुंबई-कोकणातल्या दमट घरांत गाद्या-पांघरुणांमधले धुळीतले सूक्ष्म कीटकही बारा महिने असतात, आणि त्यांची अ‍ॅलर्जी झालेला कुत्रा अन्नाच्या अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्यासारखाच दिसतो: पंजे चाटणं, काखा आणि पोट लाल होणं, कान झटकणं. खरूज असेल तर तीही ऋतू पाहत नाही. काही खुणा अन्नाकडे जास्त बोट दाखवतात. खाज वर्षाच्या आतल्या पिल्लाला सुरू झालेली असते, कान बरे होऊन पुन्हा पुन्हा बिघडतात, कुत्रा गुदद्वाराजवळची जागा जमिनीवर घासतो, शी सैल होते किंवा दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा होते. पण यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. नुसतं कुत्र्याकडे बघून कोणताही डॉक्टर हे ठरवू शकत नाही.

चिकनचं नाव कुठून आलं, तेही बघू. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या 297 कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात गोमांस सुमारे 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17 टक्के, चिकन 15 टक्के आणि गहू 13 टक्के असा क्रम होता. म्हणजे चिकन यादीत आहे, पण पहिलं नाही. शिवाय ही यादी त्या कुत्र्यांनी काय खाल्लं होतं यावर अवलंबून असते. आपल्या घरातल्या कुत्र्याच्या ताटात चिकन-भात असतोच, पण दहीभात, दूध-पोळी, अंडं आणि बिस्किटंही असतात. चिकन थांबवून दहीभात चालू ठेवला, तर सगळी शिक्षा चिकनला होते आणि खरा आरोपी ताटातच राहतो.

ग्रेन-फ्री खाद्यावर फार वेळ घालवत नाही. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनांची, आणि बहुतेक वेळा ती मांसातली किंवा दुधातली असतात. धान्य नसलेल्या पाकिटातही बऱ्याचदा चिकन असतं, कधी समोर मोठ्या अक्षरांत, कधी मागे बारीक अक्षरांत. पाकिटावर ज्या प्राण्याचं नाव नाही त्याची प्रथिनं आत सापडल्याचंही अनेक तपासण्यांत दिसलं आहे. साध्या दुकानी पाकिटावर खाद्य बदलून बघायची चाचणी उभी करता येत नाही, ती याचमुळे.

"वर्षानुवर्षं तेच खातोय" हा युक्तिवाद तर अगदी उलटा आहे. अ‍ॅलर्जी व्हायला शरीराची त्या प्रथिनाशी आधी ओळख झालेली असावी लागते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं खाल्ल्यावर एके दिवशी रोगप्रतिकारशक्ती त्या प्रथिनाला शत्रू मानू लागते. म्हणून कालपरवा बदललेल्या खाद्यापेक्षा लहानपणापासून चालत आलेल्या खाद्यावर संशय जास्त घ्यायचा.

आता टेस्टचं. रक्तातल्या चाचण्या प्रतिपिंडं मोजतात. पण निरोगी कुत्र्यांच्या रक्तातही अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, आणि खरंच अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यात ती सापडतीलच असं नाही, कारण ही प्रतिक्रिया दर वेळी प्रतिपिंडांमार्फत होत नाही. केस आणि लाळेच्या चाचणीची गत याहून वाईट आहे. एका अभ्यासात संशोधकांनी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्याच्या कृत्रिम केसांचा आणि सलाइनच्या पाण्याचा नमुना पाठवला, तर त्यांनाही अ‍ॅलर्जी असल्याचा अहवाल आला. अशा यादीवरून पंधरा पदार्थ बंद केलेली माणसं मला नेहमी भेटतात. कुत्रा हडकलेला असतो आणि खाज जिथल्या तिथे असते.

राहिला आठवडा, आणि खरी गोष्ट इथेच आहे. सूज आणि खाज आठवड्यात ओसरत नाही. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी साधारण 80 टक्के कुत्र्यांमध्ये पाच आठवड्यांत फरक दिसतो, आणि आठ आठवडे दिले तर 90 टक्क्यांपेक्षा जास्त कुत्र्यांमध्ये. म्हणून खाद्य बदलून बघायची ही चाचणी, म्हणजे डाएट ट्रायल, आठ आठवड्यांची. सातव्या दिवशी निकाल लावला तर बहुतेक खरे रुग्ण हातचे जातात.

ट्रायल म्हणजे नेमकं काय, ते एका लॅब्रॅडॉर कुत्रीवरून सांगतो. वय चार वर्षं, वजन 28 किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. खाज पहिल्या वर्षापासून, कान वर्षातून तीन-चार वेळा बिघडायचे. घरच्यांनी याच सल्ल्यावर दोन वर्षांपूर्वी चिकन बंद केलं होतं. तेव्हापासून ती अंडं, दहीभात आणि पोळी खात होती.

पहिल्या दिवशी खाद्य बदललं नाही. आधी पिसवांचं औषध दिलं, तेही मानेवर टाकायचं. चघळायच्या गोळ्यांत चवीसाठी मांसाची किंवा सोयाची प्रथिनं असू शकतात, म्हणून गोळी टाळली. मग कानातला आणि पंजांमधला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्हीकडे यीस्ट भरपूर होतं. त्याचे उपचार पूर्ण केले. यीस्ट किंवा जिवाणूंचा संसर्ग स्वतःच खाज आणतो, त्यामुळे तो तसाच ठेवून ट्रायल केली तर अन्न बदलूनही काही बदललं नाही असंच वाटतं. दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर त्याचा असर उतरेपर्यंत थांबावं लागतं. हिला ते दिलेलं नव्हतं.

मग तिने जन्मात जे जे खाल्लं त्याची यादी केली आणि यादीत नसलेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडलं. मटण बाद, कारण बोकड आणि गाय एकाच कुळातले, दोघांच्या प्रथिनांत साम्य असतं, आणि तिच्या पोटात गाईचं दही वर्षानुवर्षं गेलं होतं. बदक बाद, कारण ते कोंबडीला जवळचं. शेवटी डुकराचं चरबी काढलेलं मांस आणि रताळं ठरलं. रोज 400 ग्रॅम मांस, 700 ग्रॅम रताळं, एक चमचा सूर्यफुलाचं तेल, सगळं नीट शिजवलेलं, मीठ-मसाला काही नाही. जुन्या खाद्यात मिसळत आठवड्याभरात पूर्ण बदल केला आणि आठ आठवडे त्यानंतर मोजले. प्रौढ कुत्र्याला हे जेवण तेवढ्या काळापुरतं चालतं. कॅल्शियम आणि इतर क्षार त्यात कमी पडतात, म्हणून पिल्लाला किंवा गाभण कुत्रीला असं देऊ नये. डुकराचं मांस घरात चालत नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं हायड्रोलाइज्ड खाद्य घ्यावं. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते सहसा ओळखत नाही. ते महाग पडतं, आणि मूळ प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी असेल तर काही कुत्री त्यालाही प्रतिक्रिया देतात.

सुरुवातीचे दोन आठवडे खाज आवरायला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या आणि मग बंद केल्या. गोळ्या चालू असताना दिलेला निकाल निकाल नसतो. दर रविवारी घरातल्या एकाच माणसाने खाजेला शून्य ते दहा गुण द्यायचे, असं ठरलं.

सुरुवातीला आठ गुण होते. चौथ्या रविवारी चार. पाचव्याला एकदम सात. घरचे म्हणाले, म्हणजे अन्न नाहीच. चौकशी केली तर कळलं, सकाळी फिरायला नेताना वॉचमन काका रोज दोन ग्लुकोज बिस्किटं द्यायचे, फार प्रेमाने, आणि ते नुकतेच गावाहून परतले होते. बिस्किटात गहू असतो आणि दुधाची भुकटी असते. ट्रायल फसते ती बहुतेक अशीच, म्हणून आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. काकांना डब्यात उकडलेल्या रताळ्याचे तुकडे दिले. आठव्या आठवड्याच्या शेवटी गुण दोन, कान कोरडे.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि इथे थांबणं चूक आहे. औषधांनी, ऋतू बदलल्याने, संसर्ग गेल्यानेही खाज कमी होते. म्हणून जुनं जेवण जसंच्या तसं परत द्यायचं. अन्न कारण असेल तर खाज सहसा दोन आठवड्यांत परत येते, बहुतेकदा पहिल्याच आठवड्यात. हिच्यात ती चौथ्या दिवशी आली. परत मांस-रताळ्यावर नेलं, गुण खाली आले, आणि तेव्हाच अन्नाची अ‍ॅलर्जी आहे असं म्हणता आलं. जुन्या जेवणाने दोन आठवड्यांत काहीच झालं नसतं, तर अन्न सोडून धुळीतल्या कीटकांच्या आणि परागांच्या मागे लागलो असतो.

कशाची अ‍ॅलर्जी, हे त्यानंतर एकेक पदार्थ मूळ जेवणात घालून पाहिलं, प्रत्येकाला दोन आठवडे. सगळ्यांत आधी चिकन, कारण घरच्यांना त्याचीच उत्सुकता होती. चौदा दिवस गेले, काही झालं नाही. नंतर अंडं, तेही चाललं. गव्हाची पोळी चालली. दही दिलं आणि तिसऱ्या दिवशी तिने पंजे चाटायला सुरुवात केली, सहाव्या दिवशी कान लाल.

आता ती चिकन-भात खाते. दूध, दही आणि बिस्किटं कायमची बंद आहेत. पावसाळ्याच्या शेवटी तिचे गुण अजूनही दोनावरून चारावर जातात. अन्नाबरोबर हवेतल्या कशाचीतरी अ‍ॅलर्जी तिला आहे, आणि असं दुहेरी दुखणं अनेक कुत्र्यांत असतं. त्या दिवसांत खाज कमी करणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या चालतात, पिसवांचं औषध मात्र वर्षभर.