गृहीत धरल्याबद्दल क्षमस्व

परवाच्या बैठकीत एका नव्या क्लायंटच्या खरेदी विभागातील वरिष्ठ गृहस्थांनी माझ्या सात पानी प्रस्तावातील सहावे पान अलगद काढून माझ्या हातात ठेवले, आणि उरलेली सहा पाने टेबलावर दोनदा आपटून, कडा जुळवून, स्वतःच्या फाइलमध्ये लावली. "हे तेवढे तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. सहाव्या पानावर गृहीतके होती. एकट्याने सल्लागारी करणाऱ्या माणसाचे घर त्या एका पानावर चालते, हे त्यांना सांगण्याइतकी आमची ओळख अजून झालेली नव्हती.

काम साधे होते. त्यांच्या गोदामातील 6 कार्यपद्धती लिहून द्यायच्या. व्याप्ती मी एका पानात मांडली होती आणि कामात काय येत नाही तेही त्याच पानावर लिहिले होते: संगणकप्रणालीत बदल नाही, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण नाही, भाषांतर नाही. डिलिव्हरेबल्स म्हणजे 6 दस्तऐवज आणि शेवटी एक सादरीकरण. मानधन संपूर्ण कामासाठी ठरावीक होते आणि तीन हप्त्यांत मागितले होते: 30 टक्के सुरुवातीला, 40 टक्के पहिला मसुदा दिल्यावर आणि 30 टक्के स्वीकृतीनंतर. ही पाने त्यांनी वर्तमानपत्रातील जाहिराती चाळाव्यात तशी चाळली. सहाव्या पानाशी मात्र ते थांबले, त्यांनी चष्मा बदलला आणि पेन्सिलीने शीर्षकाखाली दोन रेघा ओढल्या.

"तुम्ही आम्हाला गृहीत धरलेत," ते म्हणाले.

मी म्हणालो, की तुम्हाला नव्हे, परिस्थितीला गृहीत धरले आहे.

"परिस्थिती आमचीच आहे ना?"

याला उत्तर नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण सहकाऱ्याने त्यांच्या वाक्यावर मान डोलावली होती, आणि माझ्याकडेही तो डोलावतच पाहत होता, त्यामुळे तो नेमका कोणाच्या बाजूने आहे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. गृहस्थ पुढे वाचू लागले. "क्लायंटच्या सर्व सूचना एकाच नियुक्त व्यक्तीकडून, एकत्रित स्वरूपात मिळतील. म्हणजे आमच्या माणसांत एकवाक्यता नसते, असे तुमचे म्हणणे?" मी नाही म्हणालो. "सुधारणांच्या दोन फेऱ्या. म्हणजे दोनदा सांगूनही तुम्हाला समजणार नाही, याची तुम्हालाच खात्री आहे?" मी पुन्हा नाही म्हणालो, पण या वेळी आवाज थोडा खाली गेला. "मसुदा दिल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो स्वीकारला असे मानले जाईल." येथे त्यांनी चष्मा काढला. "मौन हे संमतीचे लक्षण, असेच ना? आमच्याकडे मौनाचा अर्थ एवढाच, की साहेब दौऱ्यावर आहेत."

तरुणाने मान डोलावली. या वाक्यावर मीही डोलावली असती, कारण तो खंड लिहिण्याचे कारण ते स्वतःच्या तोंडाने सांगत होते.

मग मी कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. प्रत्येक कार्यपद्धतीसाठी दोन, अशा 12 मुलाखती. टिपणासह प्रत्येकी अर्धा दिवस, म्हणजे 6 दिवस. मसुद्यांचे प्रत्येकी 2 दिवस, म्हणजे 12. सुधारणांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी 2 दिवस, म्हणजे 4. सादरीकरण आणि तयारी 2. एकूण 24 दिवस. मानधनाचा आकडा या 24 दिवसांवर उभा आहे, आणि 24 दिवस सहाव्या पानावर उभे आहेत. सूचना पाच जणांकडून पाच निरनिराळ्या ईमेलने आल्या आणि फेऱ्या चार झाल्या, तर 4 दिवस वाढतात. रक्कम तीच राहते आणि माझ्या दिवसाच्या मोबदल्याचा सातवा भाग कोणी न मागता निघून जातो. मला मात्र फेऱ्या वाढण्यापेक्षाही त्या पाच ईमेलची अधिक भीती वाटते, कारण त्यातल्या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध असतात आणि त्यांच्यातील भांडण सोडवायचे काम आपोआप सल्लागाराकडे येते. गोदामप्रमुख म्हणतो परत आलेला माल आधी मोजा, हिशेबनीस म्हणतो आधी नोंदवा, आणि दोघेही ईमेलची प्रत एकमेकांना पाठवत नाहीत.

गृहस्थांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती बरोबर निघाल्याचे त्यांना किंचित वाईट वाटल्यासारखे दिसले. "आकडे ठीक आहेत," ते म्हणाले, "पण हे लिहून कशाला ठेवायचे? आपला एकमेकांवर विश्वास आहे."

याच विश्वासाने मागे एकदा माझा शेवटचा हप्ता आठ महिने अडकला होता. त्या प्रस्तावात मी 'स्वीकृतीनंतर 30 टक्के' असे लिहिले होते आणि स्वीकृती कोणी, कशी, किती दिवसांत द्यायची ते लिहिले नव्हते. ज्यांनी अहवाल वाचून फोनवर 'उत्तम' म्हटले होते, त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना सगळे नव्या नजरेने पाहायचे होते, आणि ती नजर माझ्या अहवालापर्यंत पोहोचेना. फोनवरचे 'उत्तम' कोणत्याही बिलाला जोडता येत नाही. तेव्हापासून मी मुदत लिहितो, मान्यता देणाऱ्याचे पद लिहितो, आणि प्रत्येक गृहीतकापुढे ते खोटे ठरल्यास काय होईल तेही लिहितो, जसे की 'तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीस 2 दिवसांचे वेगळे मानधन'. परिणाम न लिहिलेले गृहीतक ही नुसती इच्छा असते, आणि परक्याच्या इच्छेसाठी कोणताही लेखाविभाग पैसे सोडत नाही.

अखेरीस त्यांनी 10 टक्के सवलत मागितली, 'आकडा गोल दिसावा म्हणून'. मी एक कार्यपद्धती वगळण्याची तयारी दाखवली. तेवढ्याने मुलाखतींचे आणि मसुद्याचे मिळून 3 दिवस वाचले असते. काम तेवढेच ठेवून रक्कम कमी केली, तर माझा आधीचा आकडा फुगवलेला होता अशी मीच कबुली दिल्यासारखे होते. कार्यपद्धती सहाच हव्यात, असे ते म्हणाले. मग रक्कमही तेवढीच, असे मी म्हणालो, आणि बैठक संपली.

त्या रात्री मी सहावे पान पुन्हा उघडले आणि फक्त शीर्षक बदलले. 'गृहीतके' काढून तेथे 'अंदाजपत्रकाचा आधार' असे लिहिले. 'गृहीत धरले आहे की' हे शब्द पाच ठिकाणी होते. तेथे 'हे अंदाजपत्रक खालील बाबींवर आधारलेले आहे' एवढे एकच वाक्य वर घातले. एकही अट बदलली नाही, एकही आकडा हलवला नाही. एका शब्दासाठी दोन तास उपमर्द सोसावा आणि तो शब्द खोडायला दोन मिनिटे पुरावीत, याचा राग अजून गेलेला नाही.

आज सकाळी त्यांचे उत्तर आले. सुधारित प्रस्ताव अधिक सकारात्मक वाटला, सर्व सात पाने मान्य आहेत, मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदही त्यांनी स्वतःहून कळवले होते. खाली एक ओळ होती: "कर्मचाऱ्यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण यातच आम्ही गृहीत धरले आहे."