साटंलोटं करायचंय? मग आधी घड्याळ लावून घ्या

रिमोट चालेनासा झाला की आपण काय करतो? आधी त्याला दोन थापडा मारतो. मग सेल काढून तळहातावर चोळतो, गोल फिरवून परत बसवतो, एखादा दिवस उन्हातही ठेवून बघतो. सगळे उपाय थकले की चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि दुकानदार सांगेल ते पैसे देऊन पेन्सिल सेल घेऊन येतो. सेलसाठी घासाघीस करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. रुपया वाढला तर वाढला, मालिका सुरू व्हायची वेळ झालेली असते.

तेव्हा पहिला सल्ला असा, की स्पर्धकांनी आपसांत दर ठरवून साटंलोटं करायचं तर माल असा निवडा. दुसरं म्हणजे भागीदार मोजके ठेवा. तिघं पुरे. एव्हरेडी, निप्पो आणि पॅनासॉनिक या तिघांच्या हातात देशातल्या झिंक-कार्बन सेलचा जवळजवळ सगळा बाजार होता. चौथ्या खुर्चीचा खर्च नाही आणि फुटायला माणसंही कमी, असं आपलं वाटतं. कुठे चुकतं ते पुढे येईलच.

एकट्यानं मोठं होण्याच्या फंदात मात्र पडू नका. बाजारात एकट्याचा दबदबा असणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही, त्या दबदब्याचा गैरवापर हा गुन्हा आहे. पण तो दबदबा कमवायला माल चांगला लागतो, स्वस्त लागतो, वर्षानुवर्षं घासावं लागतं. एवढी मेहनत करायची असती तर तुम्ही हा लेख कशाला वाचत बसला असता?

आता बसायला जागा हवी. हॉटेलात भेटलात तर लोक बोलतात. संघटनेच्या बैठकीत भेटलात तर उलट अहवालात फोटो येतो. सेलवाल्यांची संघटना होतीच. अशा संघटनेला सरकारशी पत्रव्यवहार, मालाची मानकं, बाहेरून येणारा स्वस्त माल अशी कायदेशीर कामं भरपूर असतात, आणि ती करावीतच. चहा येईपर्यंत ती करा. चहा आल्यावर दराचं बोला. मिनिट्समध्ये ‘उद्योगासमोरील आव्हानांवर विचारविनिमय झाला’ एवढंच लिहा. त्यात खोटं काहीच नाही, ग्राहक हे आव्हानच आहे.

दर ठरला तरी तिघांनी एकाच सकाळी तो वाढवणं म्हणजे शुद्ध गावंढळपणा. इथे कायद्याची एक फट ओळखून ठेवा. शेजारच्यानं दर वाढवला म्हणून तुम्हीही वाढवला, तर नुसत्या तेवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. दोन वडापाववाल्यांचा दर सारखा असतो, म्हणून कोणी त्यांना नोटीस पाठवत नाही. सारख्या दरामागे काही बोलणं झालं होतं, हे दाखवावं लागतं. सेलवाल्यांनी याच फटीतून रस्ता काढला. बाजारातला थोरला, म्हणजे एव्हरेडी, दरवाढीचं प्रसिद्धीपत्रक काढायचा आणि मग बाकीचे दोघे मागून दर वाढवायचे. बघणाऱ्याला वाटावं, मोठा भाऊ गेला म्हणून धाकटे निघाले. ठरलेलं आधीच असायचं. प्रसिद्धीपत्रक म्हणजे फक्त लग्नानंतर छापलेली पत्रिका.

प्रसिद्धीपत्रकात कारण द्यायला विसरू नका. जस्त महागलं, रुपया घसरला, काहीही चालतं. जस्त स्वस्त झालं तर मात्र पत्रक काढू नये, कागद वाया जातो.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड काम यापुढे आहे, ते म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवणं. दर वाढवून ठेवलेला असतो तेव्हा गुपचूप रुपयाभर कमी घेऊन घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात आपला माल कोंबायचा मोह कोणाला होत नाही? म्हणून नुसता दर ठरवून भागत नाही. व्यापाऱ्यांवर माल लादायचा नाही हे ठरवावं लागतं, त्यांना किती मार्जिन द्यायचं ते ठरवावं लागतं, दुसऱ्याचा माल बाजारात कोणत्या भावानं जातोय यावर डोळा ठेवावा लागतो. हे सगळं या तिघांना करावं लागलं. प्रामाणिक स्पर्धेत माणूस फक्त गिऱ्हाइकाला घाबरतो. इथे जोडीला मित्रांना घाबरायचं. आणि मित्राबद्दल तक्रार करायची म्हणजे ईमेल लिहायचे. ते ईमेल नंतर पुराव्याच्या फायलीत फार नेटके बसतात.

‘पण आम्ही लेखी काही ठेवलंच नाही,’ असं म्हणाल. छान. स्पर्धा कायद्यात करार लेखी असावा अशी अटच नाही. नुसती समजूत, नुसतं मिळून वागणं हाही करारच. आणि दर ठरवण्याची समजूत एकदा दिसली की स्पर्धेला धक्का पोचला असं कायदा गृहीतच धरतो. नाही पोचला, हे दाखवायचं काम तुमचं.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला. साटंलोटं करतानाच ते कधी फोडायचं याची तयारी ठेवा, कारण याच कायद्यात एक फार मजेशीर कलम आहे, शेहेचाळिसावं. जो सहभागी आधी येऊन सगळं खरं सांगेल, त्याला दंडात सवलत. पहिल्याला शंभर टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला पन्नास, तिसऱ्याला तीस. रांगेत नंबर लावायला एक फोन किंवा ईमेल पुरतो, कागदपत्रं नंतर आणून दिली तरी चालतं. रेशनच्या दुकानातही एवढी सोय नाही.

पॅनासॉनिकनं ही सोय ओळखली आणि हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. २३ ऑगस्ट २०१६ रोजी झडती पडली, आणि मग बाकीच्या दोघांनाही सत्याची ओढ लागली. निकाल आला १९ एप्रिल २०१८ ला. नफ्याच्या सव्वापट या हिशेबानं एव्हरेडीचा दंड निघाला २४५.०७ कोटी, निप्पोचा ५२.८२ कोटी आणि पॅनासॉनिकचा ७४.६८ कोटी. यातून सवलत वजा करायची. एव्हरेडीला तीस टक्के मिळाली, राहिले १७१.५५ कोटी. निप्पोला वीस टक्के, राहिले ४२.२६ कोटी. दोघांनाही नंबराप्रमाणे पूर्ण सवलत मिळाली नाही, कारण झडतीनंतर आयोगाच्या हातात बरंच काही आधीच आलेलं होतं, आणि शिळ्या बातमीला भाव कमी. पॅनासॉनिकला सवलत शंभर टक्के. राहिले शून्य. संघटनेला १ लाख ८५ हजार. इतकी वर्षं चहा पाजला त्याचं बक्षीस.

हे ऐकून कोणी म्हणेल, सामील तिघं आणि एक सुटला पूर्ण, हा कसला न्याय! अहो, तुम्ही साटंलोटं करणाऱ्याच्या बाजूनं विचार करा ना. बैठकीत समोर बसलेले दोघे आता मित्र राहिलेलेच नाहीत. त्यातला एक जण पाणी प्यायला म्हणून उठला की दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो, हा फोन करायला तर नाही ना गेला? २०२३ च्या दुरुस्तीनं तर आणखी बहार आणली. एका संगनमताची कबुली देताना दुसऱ्या एखाद्या संगनमताची माहिती दिली, तर त्याचीही सवलत मिळते. दोन ठिकाणी चहा पीत असाल तर दोन्हीकडच्या कपबश्या मोजून ठेवा.

एवढं मनाशी नीट बसलं की खुशाल बैठक बोलवा. फक्त जाण्याआधी घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदला. छापील किमतीलाच मिळेल, कुरकुर करू नका. नंबर लावायच्या दिवशी घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर फार महागात पडतं.