पातळ तारेवर फट ओढली तर काय होतं: एका तक्रारीला आमच्या क्लिनिकचं उत्तर

रिव्ह्यू (दोन स्टार): "मुलीचे वरचे दात पुढे होते म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक दात काढायला लावला आणि तारा बसवल्या. सहा महिने झाले, फट जवळजवळ तशीच आहे. दर भेटीला पाच मिनिटांत तार बदलतात आणि पुढची तारीख देतात. माझ्या भाच्याची फट दुसरीकडे पहिल्या तीन महिन्यांतच भरली. इथं आता स्टीलची जाड तार घातली, तरी म्हणतात स्प्रिंग पुढच्या वेळी. मग आधीच्या तारा कशासाठी होत्या? मुद्दाम लांबवतात असं वाटतं."

नमस्कार. मुलीच्या फाईलमधलं काही मी इथं लिहिणार नाही, तो तिचा खासगी भाग आहे. पण तुम्ही विचारलेला प्रश्न आमच्याकडे बरेच पालक विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरुवात भाच्यापासून करतो. त्याचे दात मी पाहिलेले नाहीत. पण तीन महिन्यांत फट भरली असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: दातांची दाटी. दात एकमेकांवर चढलेले असतात, सुळा जागा न मिळाल्यानं वर अडकलेला असतो. सुळ्याच्या मागची उपदाढ काढली की साधारण सात मिलिमीटर जागा मोकळी होते. पातळ तार घातली की सुळा त्या जागेत उतरतो, पुढचे दात सुटे होतात, आणि फट आपोआप वापरली जाते. तिथं फट कोणी ओढून बंद केलेली नसते. दात सरळ करायलाच ती जागा खर्ची पडलेली असते.

दात पुढे आहेत म्हणून उपदाढ काढली असेल, तर गोष्ट वेगळी. समजा एका बाजूला सात मिलिमीटरची फट आहे आणि दाटी जेमतेम दोन मिलिमीटरची. पातळ तारेवर दात सरळ झाले की दोन मिलिमीटर संपतात आणि पाच उरतात. या पाच मिलिमीटरमध्ये पुढचे दात मुळांसकट मागे आणायचे असतात. हे काम पातळ तारेला जमत नाही, आणि जबरदस्तीनं करून घेतलं तर ते उलटतं.

का, ते सांगतो. पहिली तार बहुधा ०.०१४ इंच जाडीची, म्हणजे साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची, गोल आणि निकेल-टायटॅनियमची असते. आम्ही तिला नायटाय म्हणतो. हा मिश्रधातू १९७० च्या दशकात दातांच्या उपचारात आला. त्याआधी बारीक स्टीलच्या तारेला हातानं वेटोळी घालून लवचीकपणा आणावा लागायचा. नायटायची खासियत अशी की तार बरीच वाकवली तरी तिचा जोर फारसा वाढत नाही, आणि ती हळूहळू मूळ आकाराकडे परत येत राहते. त्यामुळे एक दात आत, शेजारचा बाहेर, तिसरा वर, अशा रांगेतही ती दातावर चिकटवलेल्या प्रत्येक ब्रॅकेटमध्ये बसते आणि आठवडेच्या आठवडे सौम्य ओढ देते. तारेला पाच मिनिटं लागतात हे खरं, पण तिचं काम दोन भेटींच्या मधे चालतं.

तिच्या जागी पहिल्याच दिवशी जाड स्टील घातली तर? वेडीवाकडी रांग असताना ती बसणारच नाही. बसवलीच तर ब्रॅकेट सुटतील, नाहीतर दातावर इतका दाब येईल की मुळाभोवतीच्या पडद्यातला रक्तपुरवठा तिथं थांबेल. तसं झालं की दात वेगानं सरकत नाही, उलट काही आठवडे जागचा हलतच नाही, आणि दुखतं ते वेगळंच. ०.०१४ नायटाय आणि आम्ही शेवटी वापरतो ती स्टीलची तार यांच्या ताठरपणात ढोबळ हिशेबानं तीसपटीहून जास्त फरक आहे.

आता पातळ तारेची मर्यादा. ब्रॅकेटची खाच चौकोनी असते, आमच्याकडे ०.०२२ इंच उंचीची. गोल तार त्यात फिरू शकते, त्यामुळे दाताचा वरचा, दिसणारा भाग ती ढकलते, पण मूळ कोणत्या दिशेला जाईल यावर तिचा ताबा नसतो. अशा तारेवर मागच्या दाढेपासून सुळ्यापर्यंत स्प्रिंग लावली, तर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला फार बरं वाटेल. फट झपाट्यानं कमी होताना दिसेल. पण सुळा मागे सरकलेला नसेल, मागे कलंडलेला असेल. फटीच्या मागची, न काढलेली उपदाढ पुढे कललेली असेल. तार मधेच झोका घेतल्यासारखी वाकेल. पुढचे दात आत झुकतील आणि खाली उतरून खालच्या दातांना झाकतील, तर बाजूचे दात चावताना एकमेकांना टेकणार नाहीत. वरून फट बंद, पण एक्स-रेमध्ये सुळ्याचं मूळ पुढेच राहिलेलं दिसेल. मग मुळं सरळ करायला लागलं की तीच फट पुन्हा उघडायला लागते. असं बिघडलेलं काम निस्तरायला मूळ फट बंद करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

म्हणून पहिल्या टप्प्यात आम्ही सुळ्याला ओढत नाही, नुसतं धरून ठेवतो. दाढेपासून सुळ्यापर्यंत आठच्या आकड्यासारखी गुंफलेली बारीक स्टीलची तार तुम्ही पाहिली असेल. ती फट बंद करायला नसते. सुळ्याच्या ब्रॅकेटमध्ये एक तिरपेपणा आधीच घडवलेला असतो. पातळ तार बसली की त्यामुळे सुळ्याचं टोक पुढे जायला लागतं आणि समोरचे दात आणखी पुढे ढकलले जातात. आधीच पुढे असलेल्या दातांना ते परवडणारं नाही.

मधली तार चौकोनी नायटायची. आमच्याकडे ती ०.०१९ बाय ०.०२५ इंच असते, काही दातांना तिथपर्यंत जायला मधे आणखी एक लहान चौकोनी तार लागते. तुमच्या मनात शंका येईल की स्टीलची तारही नेमकी याच मापाची, मग एकाच मापाच्या दोन तारा कशाला? मला तर हाच टप्पा सगळ्या क्रमातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाई झाली की पहिला गाळला जातो तोही हाच. गोल तारेनंतर दात सरळ दिसतात, पण सगळ्या खाचा अजून एका पातळीत नसतात. कुठं थोडा पीळ असतो, कुठं अर्धा मिलिमीटर वर-खाली. त्याच मापाची मऊ तार हे उरलेले फरक हळूहळू काढते. तरी ती मूळ नीट फिरवण्याइतकी ताठ नसते. ती फक्त स्टीलसाठी वाट मोकळी करते.

मग येते तुमच्या रागाची तार, स्टील. ती वाकत नाही म्हणूनच हवी. स्प्रिंगनं ओढ दिली की कलंडायला निघालेल्या दाताला ती अडवते आणि त्याचं मूळही वरच्या भागाबरोबर मागे आणते. पण ती घातल्या दिवशीच आम्ही स्प्रिंग लावत नाही, साधारण महिनाभर तशीच ठेवतो. तेवढ्या वेळात खाचांमधला शेवटचा पीळ निघून जातो. तो असतानाच स्प्रिंग लावली तर तार खाचेच्या कडांना अडकते. फट बंद होताना ही तार दाढेवर बसवलेल्या नळीतून मागे सरकावी लागते, आणि अडकलेली तार सरकत नाही. तेव्हा ओढ वाया जाते, किंवा दाढच पुढे येते. काढलेल्या दाताची जागा अशी दाढेनं खाल्ली, तर पुढचे दात आत न्यायला काहीच उरत नाही. तुम्हाला वाया गेलेला वाटला तो महिना हाच.

पुढच्या भेटीत आम्ही तार काढून परत घालून बघतो. बोटाच्या हलक्या दाबानं ती सगळ्या खाचांमध्ये बसली तर स्प्रिंग. साधारण दीडशे ग्रॅमची ओढ पुरते. त्यानंतर फट महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास कमी होते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या पाच मिलिमीटरना पाच-सहा महिने. कुणी याहून खूप वेगात बंद करून देतो म्हणालं, तर दात कलंडत नाहीत ना हे जरूर विचारा.

स्टील सगळं करते असंही नाही. ०.०२२ च्या खाचेत ०.०१९ ची तार दोन्ही दिशांना दहा अंशांच्या आसपास डुलू शकते. त्यामुळे मागे येताना समोरचे दात थोडेसे आत झुकतातच, आणि ते दिसायला लागलं की स्टीलच्या तारेच्या पुढच्या भागात आम्ही मुद्दाम पीळ देतो. फट बंद झाल्यावर पुन्हा लवचीक तार घालतो. तेव्हा "परत पातळ तार?" असं विचाराल म्हणून आधीच सांगतो: वरचे-खालचे दात चावताना एकमेकांत बसायला त्यांना थोडं हलायला मिळावं लागतं, आणि ताठ स्टील ते हलू देत नाही.

फट नीट बंद होतेय की नाही हे घरीही कळतं. बाजूनं बघा. सुळ्याचा उभा कणा सरळ राहिला पाहिजे, टोक मागे झुकलेलं दिसता कामा नये. चावल्यावर खालचे पुढचे दात दर महिन्याला अधिकाधिक झाकले जात असतील, तर भेटीची वाट न पाहता फोन करा. आणि स्प्रिंग लागल्यावर तार दाढेच्या मागून गालाला टोचायला लागली तर घाबरू नका. फट कमी झाली की तेवढी तार मागून बाहेर येते. बाहेर आलेला तुकडा किती लांब आहे ते मोजून बघा आणि मग या, आम्ही तो कापून देऊ. दोन्ही बाजूंना सारखाच निघाला असेल तर उत्तम. एकाच बाजूला निघत असेल, तर दुसऱ्या बाजूला तार कुठं अडकलीये हे त्याच भेटीत शोधतो.

पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बरोबर या. सुरुवातीचे आणि आत्ताचे बाजूचे फोटो शेजारी ठेवून सुळ्याचा कल दाखवतो, आणि फट पट्टीनं तुमच्यासमोर मोजतो.